गिरकीबाईंचा ‘आपोआप’

बर्फावर स्केटिंग करायच्या त्या रिंकवर सगळे त्यांना गिरकीबाई म्हणत. बूट भाड्याने देणारा म्हणे, बर्फ गुळगुळीत करायचं यंत्र चालवणारा म्हणे, आणि समोरासमोर नाही तरी पाठीमागे मॅनेजरही म्हणे. बाईंना त्याचं वाईट वाटत नसे. नावं ठेवायचीच असली तर लोकांना याहून वाईट नावं सुचतात, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं.

त्यांची आई त्या रिंकच्या बाकांखाली झाडू मारायची. लेकीला सांभाळायला घरी कोणी नाही, म्हणून ती तिला बरोबर आणायची आणि कोणाचे तरी टाकून दिलेले बूट पायात अडकवून बर्फावर सोडून द्यायची. बूट दोन माप मोठे. टाचेत वर्तमानपत्राचे बोळे. शाळेत त्या गेल्या त्या अशा, की अक्षरओळख झाली, पाढे अर्धवट झाले आणि पाय मात्र पुरे झाले. पुढे फिरत्या बर्फनाट्याच्या कंपनीत शिरल्या, गावोगाव हिंडल्या. रंगीत दिव्यांखाली त्या हात पसरून फिरू लागत, मग हात छातीशी घेत, आणि अशा भिंगरीसारख्या फिरत की चेहरा कुठला नि पाठ कुठली ते कळेनासं व्हायचं. गुडघा कुरकुरायला लागला तेव्हा परत त्याच रिंकवर आल्या आणि पोरींना शिकवू लागल्या.

शिकवणं त्यांचं एका शब्दावर चाले. ‘आपोआप.’ पोरगी एका पायावर उभी राहून फिरू लागली की बाई कठड्याजवळून ओरडत, “हात मिटव, वेग आपोआप येतो.” आणि तो येई. बहुतेकींना येई. का येतो असं कोणी विचारलं नाही, आणि बाईंनीही स्वतःला विचारलं नाही. नळ सोडला की पाणी येतं, तसं.

मग मॅनेजर एका दुपारी बाईंच्या बाकावर येऊन बसला. आता जो शिकवेल त्याला परीक्षा द्यावी लागेल, म्हणाला. स्केटिंग संघटनेचा माणूस येणार, बर्फावर एक धडा घ्यायला लावणार, आणि मग बूट बदलायच्या खोलीत बसवून तोंडी विचारणार, गिरकीचं शास्त्र. पास झालात तर वर्ग तुमचाच. नाही झालात तर तुम्हाला बुटांच्या खिडकीवर बसवू, उबदार असतं तिथे. हे तो इतक्या प्रेमाने म्हणाला की बाईंना त्याचा जास्तच राग आला. इतकी वर्षं बर्फावर काढलेल्या बाईला उबेचं आमिष दाखवायचं म्हणजे माशाला टॉवेल देण्यासारखं.

त्या घरी आल्या, म्हणजे लेकीकडे. नवरा गेल्यापासून त्या लेक आणि जावयाकडेच राहत. जावई शाळेत विज्ञान शिकवायचा. सासूबाईंना तो “आई” म्हणायचा, आणि बाई त्याला कौतुकाने “जावईबापू” आणि रागाने “मास्तर” म्हणायच्या. त्या संध्याकाळी त्यांनी विचारलं, “मास्तर, गिरकीचं शास्त्र म्हणजे काय असतं हो?”

जावयाचा चेहरा असा उजळला की लेकीने लगेच भांडी घासायला घेतली. तिला ठाऊक होतं, आता जेवण लांबणार.

“सोपं आहे, आई,” तो म्हणाला. “कोनीय संवेग कायम राहतो.”

“कोणाचा?”

“कोनीय.”

“तेच विचारते, कोणाचा?”

लेक भांड्यांकडे तोंड करून हसली. जावयाने समजावलं, की कोनीय म्हणजे कोनाचा, गोल फिरण्याचा. बाईंनी ते मान्य केलं. पण मग दुसरी पंचाईत. संवेग म्हणजे वेगच ना, थोडा नटवलेला? आणि तो कायम राहतो म्हणे. मग हात आत घेतल्यावर मी जोरात फिरते ते काय? तुमचं शास्त्र म्हणतं वेग तेवढाच राहतो आणि माझे डोळे म्हणतात वाढतो. दोघांपैकी एकाला चष्मा लागलाय.

जावई म्हणाला, संवेग वेगळा, वेग वेगळा. बाई म्हणाल्या, नुसतं ‘सं’ लावल्याने माणूस वेगळा होतो का? तो म्हणाला, होतो, सार आणि संसार वेगळे असतात. बाईंना हे पटलं, पण संवेग काही कळला नाही. त्या रात्रभर कुशीवर वळत राहिल्या, आणि कोणीतरी ‘कोनीय’ नावाचा लांबट माणूस आपल्या वर्गाची किल्ली घेऊन पळतोय असं काहीतरी त्यांना दिसत राहिलं.

दुसऱ्या दिवशी जावयाने आपली फिरती खुर्ची स्वयंपाकघराच्या मधोमध आणून ठेवली. चाकं फडक्याने अडवली, म्हणजे ती जागेवरच फिरेल. पाण्याने भरलेल्या दोन मोठ्या बाटल्या हातात घेतल्या, हात पसरले आणि बायकोला म्हणाला, फिरव मला. लेकीने फिरवलं, जरा जास्तच मन लावून. तो सावकाश फिरू लागला. मग त्याने बाटल्या छातीशी ओढल्या, खुर्ची सणकन फिरली, आणि उतरल्यावर त्याला फ्रीज धरून उभं राहावं लागलं. त्याच अवस्थेत, डोळे मिटून, त्याने पुढचं सांगितलं.

“पसारा म्हणा, आई. पुस्तकात त्याला जडत्व आघूर्ण म्हणतात, पण ते जाऊ दे. शरीराचा पसारा. वजन मधल्या रेघेपासून जितकं लांब, तितका पसारा मोठा. आणि हात दुप्पट लांब नेला तर त्याचा पसारा दुप्पट नाही, चौपट होतो. आता हा पसारा आणि फिरण्याचा वेग यांचा गुणाकार करा. तो संवेग. बाहेरून कोणी फिरवलं किंवा अडवलं नाही तर हा गुणाकार बदलत नाही. पसारा निम्मा केला तर वेग दुप्पट. गुणाकार तोच.”

पसारा म्हटल्यावर बाई जाग्या झाल्या. पसारा त्यांना समजत होता, आयुष्यभर आवरलेला होता. आवरला की कामं भराभर होतात, हेही अनुभवाचं. त्या म्हणाल्या, “म्हणजे माझं बरोबरच होतं. हात आवरायचे, वेग आपोआप.”

“आपोआप नाही,” जावई म्हणाला. आता तो फ्रीज सोडून उभा होता. “वेग वाढला की गतिज ऊर्जा वाढते. फिरण्यातली ताकद म्हणा. पसारा निम्मा, वेग दुप्पट, तर ऊर्जाही दुप्पट. ती कुठूनतरी यायला हवी.”

इथे बाईंचं डोकं पुन्हा अडलं. निम्मा आणि दुप्पट, गुणाकार तोच, हे आत्ताच सांगितलं ना? मग ऊर्जा कशी दुप्पट? जावई म्हणाला, ऊर्जेत वेग दोनदा धरतात, पसारा एकदाच. बाई म्हणाल्या, हे कुठलं माप, एकाला दोनदा वाढायचं आणि दुसऱ्याला एकदा? पंगतीत असं केलं तर उठून जातात लोक. जावई हसला. निसर्गाने मला विचारून ठरवलं नाही, म्हणाला, पण मोजून पाहिलं तर असंच निघतं.

“बरं. बाहेरून कोणी ढकललं नाही?”

“नाही.”

“तरी ऊर्जा वाढली?”

“वाढली.”

“आणि संवेग वाढला नाही.”

“नाही.”

“मग एकाला बाहेरचं लागतं आणि दुसऱ्याला नाही, हे कसं काय मास्तर?”

जावयाने कपाळ चोळलं. घरातल्या माणसांनी एकमेकांना कितीही ढकललं म्हणून घर हलतं का, त्याने विचारलं. संवेगाचं तसं आहे. तुमचा खांदा हाताला आत ओढतो, हात खांद्याला ओढतो, ते आपापसात फिटतं, एकूण फिरण्यात भर पडत नाही. पण त्या ओढाओढीत घरातला माणूस दमतो, खाल्लेलं अन्न जळतं. ऊर्जा तिथून येते.

बाईंनी ऐकलं, मान डोलावली, आणि त्यांना काहीही कळलं नव्हतं. शब्द एकेक कळत होते. सगळे मिळून मात्र गर्दीतल्या ओळखीच्या माणसांसारखे झाले, चेहरे माहीत, कोण कोणाचं ते नाही. शेवटी त्या म्हणाल्या, “सरका. मी बसते.”

लेक नको म्हणत होती. बाईंनी ऐकलं नाही. बर्फावर फिरताना त्या हातांकडे कधी लक्ष देत नसत, पायांकडे देत. आज पाय खुर्चीवर होते, करायला काहीच नव्हतं. बाटल्या धरून हात पसरले, लेकीने फिरवलं, आणि बाईंना पहिल्यांदाच जाणवलं की बाटल्या खाली नाही, बाहेर जायला बघतायत. कोणीतरी दोन्ही बाजूंनी मनगटं धरून बाहेर ओढावं तशा. त्यांनी हात आत घ्यायला सुरुवात केली. हात येईनात. बाई ओढतात, हात बाहेर जातात, बाई पुन्हा ओढतात, आणि जसजसे हात आत येतात तसतसा वेग वाढतो आणि ओढणं अजूनच अवघड होतं. शेवटी बाटल्या छातीशी टेकल्या तेव्हा खुर्ची गरगरत होती आणि बाईंच्या दंडांत कळ आली होती.

खुर्ची हळूहळू थांबली. खालचा दांडा घासतो म्हणून थांबते, जावई म्हणाला, बर्फावर तितकं घासत नाही. आयुष्यभर गिरक्या घेतलेल्या बाईंना चक्कर येणं शक्यच नव्हतं, पण त्या खुर्चीतच बसून राहिल्या.

त्यांना लांबोडी आठवली होती.

लांबोडी ही त्यांच्या वर्गातली सगळ्यात उंच पोरगी. एका डॉक्टरीणबाईची लेक. हात इतके लांब की कठड्याशी उभी राहिली तर पलीकडच्या माणसाची टोपी काढून घेईल. कित्येक महिने तिची गिरकी घट्ट होत नव्हती. हात अर्धे आत यायचे आणि तिथेच लोंबायचे. ती म्हणायची, “बाई, हात जड होतात.” आणि बाई दर वेळी म्हणायच्या, “हवेत कसले जड होतात गं. नुसते मिटव. आपोआप येतं.” आणि ती गरीब गाय नुसते मिटवायची, आपोआप यायची वाट बघायची, आणि वेग काही यायचा नाही. बाईंनी तर मनात तिला आळशी ठरवून टाकलं होतं.

“मास्तर,” बाई म्हणाल्या, “लांब हातवालीला जास्त ओढावं लागत असेल?”

“तेवढ्याच वेगात फिरत असेल तर खूप जास्त. पण आत आणले तर तिचा वेगही जास्त पट वाढेल.”

बाईंनी बाटल्या खाली ठेवल्या. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, हात पसरून नुसते धरून ठेवले तरी मी दमते, मग तेव्हा वेग का वाढत नाही? जावई म्हणाला, दमता खरं, पण हात आतल्या बाजूला सरकत नाही ना. ओढलं आणि सरकलं, तरच फिरण्यात ऊर्जा जाते. दारावर रेटून उभं राहिलं तर घाम येतो, दार उघडलं तरच काम झालं. हे बाईंना एका क्षणी लख्ख कळलं आणि जेवायला बसेपर्यंत पुन्हा धूसर झालं.

परीक्षेच्या दिवशी परीक्षक आले. वयस्कर गृहस्थ, गळ्यात मफलर, नाक लाल. धड्यासाठी विद्यार्थिनी बाईंनीच निवडावी, असं त्यांनी सांगितलं. शहाणपण सांगत होतं, बुटकीला घे, ती झोपेतसुद्धा गिरकी घेते. बाईंनी लांबोडीला हाक मारली. मॅनेजर कठड्याशी उभा होता, त्याने डोळे मिटून घेतले.

बाई तिच्याजवळ जाऊन हळू म्हणाल्या, “ऐक. हात जड होतात म्हणत होतीस ना? होतात. विहिरीतून पोहरा ओढतात तसे ओढायचे. छातीला टेकेपर्यंत सोडायचे नाहीत.”

पोरीने बाईंकडे असं पाहिलं, जसं काही कोणी तिला तिचीच हरवलेली वस्तू परत दिली. तिने वळण घेतलं, एका पायावर उभी राहिली, हात ओढले. दात खाऊन ओढले. गिरकी घट्ट झाली, मग इतकी घट्ट झाली की तिलाच भीती वाटली, आणि ती बर्फावर बसली. हसत बसली.

“पुन्हा,” परीक्षक म्हणाले.

दुसऱ्या वेळी ती घाबरली होती, म्हणून गिरकीत शिरतानाच कमी जोर लावला. मग भरून काढायला हात दुप्पट जोराने ओढले. गिरकी झाली, पण मवाळ. परीक्षकांनी बाईंकडे पाहिलं. आता काय चुकलं? बाईंच्या डोक्यात पसारा, गुणाकार, घरातली माणसं सगळी एकदम बोलू लागली. त्यांनी एकट्या गुणाकाराचाच हात धरला आणि म्हणाल्या, “शिरतानाच कमी आणलंस, बाळ. बर्फाला पायाने रेटून जेवढं फिरणं गोळा करशील तेवढंच. नंतर हात कितीही ओढलेस तरी त्यात भर पडत नाही. हातांनी फक्त ते घट्ट होतं.”

तिसरी गिरकी चांगली झाली. फार चांगली नाही, पण चांगली.

मग बूट बदलायची खोली. ओल्या मोज्यांचा वास, रबरी फरशी, भिंतीला बाकं. परीक्षक समोर बसले आणि त्यांनी विचारलं, हात आत घेतल्यावर काय कायम राहतं?

“वेग,” बाई म्हणाल्या.

परीक्षकांनी भुवया उंचावल्या. बाईंना कळलं की चुकलं, पण काय चुकलं ते सापडेना. ज्या शब्दाला त्या आठवडाभर घाबरत होत्या तोच अर्धा तोंडातून पडला होता. “नाही, म्हणजे कोनीय,” त्या म्हणाल्या. “पुढचं मागे राहिलं. सं. संवेग. वेग तर वाढतो, तुम्ही पाहिलाच बाहेर. पसारा कमी होतो, वेग वाढतो, दोघांचा गुणाकार तो संवेग, आणि तो तोच राहतो.”

परीक्षकांच्या मिशीखाली काहीतरी हललं. “आणि गतिज ऊर्जा?”

“वाढते.”

“कोणी दिली?”

“हातांनी. म्हणजे खांद्यांनी. म्हणजे...” बाई थांबल्या. “म्हणजे त्या पोरीने ओढून ओढून दिली, साहेब. मी इतके महिने तिला आपोआप येते म्हणत होते.”

परीक्षकांनी गळ्यातला मफलर सोडला. “आता शेवटचं. गिरकी संपवताना हात पुन्हा बाहेर नेतो. वेग कमी होतो. मग ती ऊर्जा कुठे गेली?”

हे जावयाने सांगितलंच नव्हतं. किंवा सांगितलं असेल आणि त्या वेळी लेक बशी मागत असेल. बाईंनी डोळे मिटले आणि खांद्यांना विचारलं. “मला नीट माहीत नाही,” त्या म्हणाल्या. “हात बाहेर जाताना तेच मला ओढतात. मी त्यांना धरून धरून सोडते, नाहीतर भिरकावले जातील. म्हणजे आता ते मला देत असणार. पण दिल्यासारखं वाटत नाही. उलट मी आणखी दमते. हे गौडबंगाल मला उमगलेलं नाही.”

“बरोबर आहे,” परीक्षक म्हणाले.

“काय बरोबर आहे? मला उमगलं नाही ते?”

“हात तुम्हाला देतात, पण स्नायूला ते परत साठवता येत नाही. बहुतेक सगळं उष्णता होऊन जातं. म्हणून दमता.” ते उठले, मफलर गुंडाळला आणि दाराशी थांबून म्हणाले की वर्ग चालू ठेवा. “आणि तो शब्द तेवढा जपून वापरा.”

बाईंना विचारायचं होतं, कोणता, संवेग की आपोआप? पण ते गेले होते. बाहेर मॅनेजर हसून अभिनंदन करत होता, जणू काही खिडकीची कल्पना दुसऱ्याच कोणाची होती. बाई बराच वेळ मोज्यांच्या वासात बसून राहिल्या. पास झालो हे कळलं होतं. पण देणारा देतो, घेणारा घेतो, आणि घेणाऱ्याला काही मिळत नाही, हे कळल्यासारखं वाटून पुन्हा हातातून निसटत होतं. घरी जावयाला विचारलं, त्याने आनंदाने पुन्हा खुर्ची मधोमध आणली, आणि लेकीने मुकाट्याने भांडी घासायला घेतली.

पुढच्या सोमवारी छोट्यांचा वर्ग होता. कापसाच्या बाहुल्यांसारख्या पोरी, गुडघ्यांना गाद्या बांधलेल्या. त्यातली एक धिटाईने एका पायावर उभी राहिली, हात पसरून डुगडुगत फिरू लागली. बाई कठड्यावरून वाकल्या.

“हात मिटव,” त्या म्हणाल्या, “वेग आपो...”

तोंड तसंच उघडं राहिलं. पोरगी फिरता फिरता वाट बघत होती.

“ओढ,” बाई म्हणाल्या. “चांगली जोरात ओढ.”

“कोणाला?” पोरीने विचारलं.

“हातांना गं,” बाई म्हणाल्या, आणि तिला दाखवायला स्वतःच बर्फावर उतरल्या.